मदत हवी आहे: सोया मेणबत्तीच्या वर्णनात जळण्याचे तास कसे लिहावेत?

हाताने बनवलेल्या 180 ग्रॅमच्या काचपात्रातील सोया मेणबत्तीचे वर्णन लिहिताना मी एका मुद्द्यावर अडलो आहे. चार तास जाळल्यावर वजन 18 ग्रॅमने घटते, म्हणजे हिशेबाने 40 तास होतात. परंतु तळाशी सेंटीमीटरभर मेण उरताच ती विझवायची असल्याने मी ‘सुमारे 35 तास’ असे लिहिले आहे. दर वेळी वात 5 मिलिमीटरपर्यंत कापली आणि पहिल्या वेळी मेण कडेपर्यंत वितळू दिले, तरच हा आकडा खरा ठरतो. सुगंधाबाबत ‘न पेटवता लव्हेंडर ठळक, पेटवल्यावर मंद, लहान खोलीपुरता’ एवढेच लिहिले असून ‘ताण घालवते’ यांसारखे दावे मुद्दाम टाळले आहेत. सारा मजकूर चार-पाच ओळींतच बसवायचा आहे. अशा वेळी तासांची अट आकड्यालगतच लिहावी, की ती काळजीच्या सूचनांत दिली तरी ग्राहकाची दिशाभूल होणार नाही?