जुन्या आळीतला हिस्सेदार घराबाहेर कसा पडतो? : अलिबाग ते मालवण अनुभव धागा

धागाकर्ता, रत्नागिरी (महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो)

नागरी समाजशास्त्रातील विस्थापन हा घटक शिकवताना लंडनची उदाहरणे हाताशी असतात, आपल्या किनाऱ्याची मात्र सापडत नाहीत. रूथ ग्लास यांनी लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरताना पाहिला आणि १९६४ मध्ये त्या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ हे नाव दिले. तिथे प्रामुख्याने भाडेकरू हलले. अलिबाग, मुरुड, मालवण, वेंगुर्ले येथील जुन्या आळ्यांत राहणारा माणूस पुष्कळदा कागदावर घराचा हिस्सेदार असतो आणि तरीही तो हलतो. हे कसे घडले, आधी कोणी विकले आणि कोणता कागद केव्हा हाती आला, ते आपल्या घरच्या किंवा शेजारच्या अनुभवातून लिहावे. व्यक्तींची नावे टाळावीत.

निवृत्त शिक्षिका, अलिबाग

आमचे घर आजोबांनी बांधलेले, जांभ्याचे, पुढे पडवी आणि मागे विहीर. मिळकत पत्रिकेवर वडील आणि त्यांचे तीन भाऊ अशी चार नावे होती. राहत होतो आम्हीच. बाकीचे मुंबईकर गणपतीला येत. कौले आम्ही बदलली, घरपट्टी आम्ही भरली; त्याचा हिशेब ना कोणी मागितला, ना आम्ही ठेवला. २०२० मध्ये मांडव्याला रो-रो सुरू झाली, मुंबईचा माणूस गाडीसकट बोटीतून उतरू लागला आणि आमच्या आळीत दलालांच्या फेऱ्या वाढल्या. एका चुलत भावाने आपला चौथा हिस्सा बाहेरच्या एका गृहस्थांना विकला. ही बातमी आम्हाला वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीतून कळली आणि तीही शेजाऱ्यांनी आणून दाखवली. पुढे फेरफाराची नोटीस आली, मग मोजणीची. ते गृहस्थ सभ्य होते. “मावशी, तुम्ही राहा, मला फक्त माझा भाग वेगळा हवा,” असे ते म्हणत. पण माजघराचे आणि विहिरीचे चार भाग करायचे कसे? उरलेल्या दोन्ही चुलत घरांनी एकामागून एक विकले आणि शेवटी आम्हीही सही केली. आता शहराबाहेर फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला कोणी काढले, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

व्यापारी, रत्नागिरी

हिस्सेदारांचे असे होत असेल, पण भाडेकरू मात्र पूर्ण सुरक्षित असतो. भाडे नियमित भरले की त्याला कोणी हात लावू शकत नाही आणि बापाच्या मागे ती जागा मुलाला मिळतेच.

वकील, रायगड जिल्हा

व्यापारी बंधूंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात राहत्या जागेचे भाडेकरूपण मृत्यूनंतर पुढे चालते, पण ते आधी त्या वेळी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे आणि तसा कोणी नसेल तरच वारसाकडे. आपल्याकडे मुलगा नोकरीसाठी मुंबईत असतो, आईवडील घरात असतात आणि दोघेही गेले की घर बंद पडते. मग जागा वापरात नाही या कारणावरही मालक ताबा मागू शकतो. शिवाय पाडून नवे बांधण्यासाठी मालक न्यायालयामार्फत ताबा मागू शकतो. त्याला अटी आहेत, पण मार्ग बंद नाही.

आता बाईंच्या प्रकरणाकडे येतो, कारण त्यात एक उपाय होता. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४ नुसार अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला कुटुंबाबरोबर संयुक्त ताबा मिळत नाही. त्याला आधी वाटप करून घ्यावे लागते. त्याने वाटपाचा दावा लावला की वाटप कायदा १८९३, कलम ४ लागू होते: घरातला कोणताही हिस्सेदार ‘हा हिस्सा मीच घेतो’ असे न्यायालयात म्हणू शकतो, न्यायालय मूल्यांकन करते आणि तो हिस्सा घरच्यांनाच विकायला लावते.

पण खरी अडचण त्या मूल्यांकनातच आहे. समजा घर आणि परसू मिळून सहा गुंठे आहेत. गुंठ्याला पाच लाख असताना चौथा हिस्सा, म्हणजे दीड गुंठा, साडेसात लाखांना पडला असता आणि शिक्षकाच्या पगारावर कर्ज काढून तो घेता आला असता. भाव चाळीस लाखांवर गेला की तोच दीड गुंठा साठ लाखांचा होतो. कायदा घरच्यांना पहिला हक्क देतो, पण साधारण बाजारभावाने. आणि ज्या भाववाढीमुळे परका आला, तीच भाववाढ तो हक्क वापरू देत नाही. खरेदीदार चतुर असेल तर दावाच लावत नाही, उरलेल्यांचे हिस्से एकेक करून गोळा करत बसतो. मग कलम ४ ची वेळच येत नाही.

दुकानदार, चिपळूण परिसर

विस्थापन म्हणाल तर महामार्गाच्या चौपदरीकरणात आमचे दुकान गेले. मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातले, त्याबद्दल इथे कोणी बोलत नाही.

धागाकर्ता

आपले दुःख खरे आहे, परंतु भूसंपादनात आदेश असतो, तारीख असते, दाद मागायला समोर कोणीतरी असते. इथे तसे कोणीच समोर नसते, म्हणून तो प्रश्न मी वेगळा ठेवतो.

मासळी सुकवणाऱ्या ताई, मालवण परिसर

आमचे घर आमचेच आहे, विकलेले नाही. पण शेजारच्या दोन घरांत पर्यटकांच्या खोल्या झाल्या. ज्या मोकळ्या जागेत आम्ही बांगडे आणि सुंगटे सुकत घालायचो, ती एका खोलीवाल्याच्या मालकीची निघाली आणि आता तिथे गाड्या उभ्या राहतात. उरलेल्या कोपऱ्यात मासळी घातली की वासाची तक्रार येते. माझी सून म्हणते की आपणही दोन खोल्या काढू. तिचे चुकीचे नाही, पण सुकी मासळी विकून मी जो पैसा स्वतःच्या हातात ठेवायची, तो गेला.

धागाकर्ता

ताई, वर्गाला समजावताना मला हेच सर्वांत कठीण जाते. पीटर मार्क्यूस यांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कविषयी लिहिताना असे मांडले की घर सोडलेल्यांची संख्या मोजून विस्थापन पुरते कळत नाही. सभोवतालची दुकाने, शेजार आणि सोयी बदलून राहणे अवघड होते, तो दाबही त्यात धरावा. आपण हललेल्या नाहीत, म्हणून कोणत्याही नोंदीत येणार नाही.

नोकरदार, डोंबिवली

बाईंच्या चुलत भावाच्या जागी मी आहे, म्हणून लिहितो. आमचाही चौथा हिस्सा होता. त्यातून आम्हाला कधी उत्पन्न नव्हते आणि गणपतीतसुद्धा झोपायला जागेची वाटणी करावी लागे. आईच्या आजारपणात पैसा हवा होता. विकण्यापूर्वी मी गावच्या भावाला विचारले. तो “मीच घेतो” म्हणाला आणि रक्कम ऐकून गप्प बसला. कमी भावात द्यायला हवे होते, असे आजही काही नातेवाईक ऐकवतात. किती कमी, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या पैशातून मला त्याच आळीत आज एक खोलीही घेता येणार नाही. मग मी विस्थापित करणारा की विस्थापित?

निवृत्त शिक्षिका, अलिबाग

आमच्या भावाने विचारलेसुद्धा नाही. तुम्ही विचारलेत, एवढा फरक मी मानते. त्यापुढे मला उत्तर देता येत नाही.

वकील, रायगड जिल्हा

ज्यांची घरे अजून शाबूत आहेत त्यांनी भाव चढण्याआधी नोंदणीकृत कौटुंबिक करार करावा. कोणी विकायचे ठरवल्यास घरच्यांना किती मुदत द्यायची, किंमत कशी ठरवायची, हप्ते चालतील का, हे त्यात लिहावे. राहणाऱ्याने केलेल्या दुरुस्तीचा खर्च वजा धरण्याचे कलमही घालावे आणि त्यासाठी पावत्या जपाव्यात.

बँक कर्मचारी, वेंगुर्ले

असा करार करायला आम्ही या मे महिन्यात बसलो होतो. मसुदा झाला, किंमतही ठरली आणि मग धाकटी आत्या म्हणाली, “माझे नाव कुठे आहे?” पत्रिकेवर तिघे भाऊच होते, दोन्ही आत्यांची नावे कधी लागलीच नव्हती. त्यांचे हिस्से धरले तर राहणाऱ्या काकांचा वाटा तिसऱ्यावरून पाचव्यावर येतो आणि त्यांना विकत घ्यायचे हिस्से दोनाचे चार होतात. आत्यांचा हक्क कोणीही नाकारला नाही, पण काकांनी त्या दिवशी सही केली नाही. वकील साहेब, अशा वेळी आधी नावे लावून घ्यावीत, की आत्यांच्या सह्या घेऊन थेट करारच करावा?