लखलखाट आहे, गडगडाट नाही

> रात्री इंदूरहून देवासच्या बाजूला वीज चमकते, पण आवाज येत नाही. ही वेगळ्या प्रकारची वीज का?

नाही, वीज तीच. ढगात बर्फाचे बारीक कण आणि मऊ गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात, आणि ते जुळतात तेव्हा वाटेतली हवा क्षणात सुमारे 30,000 अंशांपर्यंत तापते. ती स्फोटासारखी फुगते, तोच गडगडाट. प्रकाश लगेच पोचतो, आवाजाला मात्र किलोमीटरमागे साधारण तीन सेकंद लागतात. देवास 35 किलोमीटरवर धरलं तर आवाज 100 सेकंदांनी यायला हवा.

पण तो येतच नाही, आणि कारण फक्त अंतर नाही. वर हवा गार असते, गार हवेत आवाज हळू चालतो, म्हणून त्याची वाट हळूहळू वरच्या बाजूला वळते आणि तो आपल्या डोक्यावरून निघून जातो. त्यामुळे 20-25 किलोमीटरपलीकडचा गडगडाट सहसा ऐकू येत नाही. उलट, चमक आणि आवाज यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा गच्चीवर थांबू नका, खाली पक्क्या घरात या, पाऊस सुरू झाला नसला तरी.