मदत हवी आहे: घरगुती धंद्यासाठी घेतलेला फ्रीझर बिघडला, ग्राहक आयोगात जाता येईल का?

डिचोलीची_बीकॉम: बिझनेस लॉच्या पेपरला असाच प्रश्न असतो, आणि आता घरातच तसं घडलंय. माझी मावशी घरून कुल्फी आणि केक करून विकते. ३८,००० चा डीप फ्रीझर घेतला, पाच महिन्यांत कॉम्प्रेसर दोनदा बंद पडला. दुकानदार म्हणतो, ‘कंपनीला विचारा, आणि तुम्ही धंदा करता म्हणजे ग्राहक नाहीच.’ बिल तिच्या धंद्याच्या नावावर आहे. खरंच काही करता येत नाही का?

रमाकांत_म्हापसा: दुकानदाराचं बरोबर आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागत नाही.

अ‍ॅड_मडगाव: रमाकांतभाऊ, अर्धंच सांगितलंत. स्वतःच्या श्रमावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात हेच समजावलं: स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसं असली तरी. पण त्या खटल्यात कारखान्यासाठी यंत्र घेणारी तक्रारदार संस्था मात्र हरली. म्हणजे कोण राबतं आणि धंदा केवढा, हे बघितलं जातं.

तेव्हा मावशीच्या तक्रारीत ‘फ्रीझर केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतला’ हे वाक्य स्पष्ट हवं. बिलावर धंद्याचं नाव असल्यामुळे समोरचा पहिला हल्ला तिथेच करणार. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे. पाच लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही.

सुषमा_पणजी: माझा ऑनलाइन घेतलेला पंखा आवाज करतो, रिटर्नची मुदत गेली. मलाही चालेल का?

अ‍ॅड_मडगाव: ताई, रिटर्नची मुदत म्हणजे तक्रारीची मुदत नव्हे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. पण दोष आहे हे दाखवावं लागेल.

डिचोलीची_बीकॉम: मग फ्रीझरचा दोष दाखवायचा कसा? दुसऱ्या वेळच्या जॉब कार्डवर मेकॅनिकने ‘गॅस भरला’ एवढंच लिहिलंय, आणि मावशीने ‘काम समाधानकारक’च्या खाली सही केलीय.

अ‍ॅड_मडगाव: सही असली तरी दोन्ही कार्डं जपून ठेवा. त्याच वस्तूचा तोच बिघाड परत येणं हा मोठा पुरावा. पुन्हा बंद पडला तर मेकॅनिककडून ‘कॉम्प्रेसर’ हा शब्द लिहून घ्या. तपासणीशिवाय दोष कळणार नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. मागणीत बदलून द्या, नाहीतर किंमत परत, आणि नुकसानभरपाई, हे तिन्ही लिहा. पेपरातही विद्यार्थी फक्त ‘पैसे परत’ लिहून थांबतात.

रमाकांत_म्हापसा: पण सणाला ती चार पोरी कामाला लावते ना? मग ‘एक-दोन’ कुठे राहिले?

अ‍ॅड_मडगाव: हा मुद्दा खरा आहे. हंगामी मदतीला आयोग कसं बघेल, हे मी छातीठोक सांगणार नाही. वर्षभर कोण राबतं ते शपथपत्रात मांडा.

डिचोलीची_बीकॉम: वितळून गेलेल्या कुल्फीचा हिशेब मावशीच्या वहीत आहे, ऑर्डरचे मेसेजही आहेत. नुकसानभरपाईला तेवढं पुरेल का?