उत्तर: तांदूळ धुण्यापेक्षा भात वेळा

> "बाळ नऊ महिन्यांचं आहे. तांदूळ चार-पाच पाण्यांनी धुतला की आर्सेनिक जातं ना?"

फारसं नाही. भाताच्या खाचरात पाणी साचतं, तेव्हा मातीतलं विषारी आर्सेनिक सुटं होतं आणि मुळांवाटे थेट दाण्यात उतरतं. धुण्याने वरवरचं थोडंच जातं. खरा फरक पडतो तो आपल्या आज्या करायच्या तसा भात वेळला की.

वाटीभर तांदळाला चार वाट्या पाण्याचं आधण ठेवा. उकळी आली की धुतलेला तांदूळ टाकून पाच मिनिटं उकळा आणि ते पाणी गाळून टाका. मग दोन वाट्या ताजं पाणी घालून, झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये हीच पद्धत तपासली, तेव्हा पांढऱ्या तांदळातलं सुमारे 70 टक्के आर्सेनिक कमी झालं होतं. ब जीवनसत्त्वंही थोडी जातात, ते खरं.

आता गोम अशी, की ते गाळलेलं पाणी 'पेज' म्हणून बाळाला पाजू नका. आर्सेनिक त्यातच उतरलेलं असतं. (माझ्या सासूबाईंना हे पटवताना नाकी नऊ आले!) आणि विहिरीच्या पाण्यातच आर्सेनिक असेल, तर वेळून उपयोग नाही.

ब्राऊन राईस 'पौष्टिक' म्हणून देत असाल तर थांबा. आर्सेनिक कोंड्यात जास्त असतं. भात रोज न देता मधूनमधून नाचणीचं सत्त्व, ज्वारीच्या पिठाची पातळ उकड किंवा मुगाचं कढण द्या.