उत्तर: 'अंधारातली अभिक्रिया' रात्री चालते का?

> "मुलीच्या बारावीच्या वहीत लिहिलंय, अंधारातली अभिक्रिया रात्री होते. बरोबर आहे का?"

नाही ताई, वहीतलं ते वाक्य खोडायलाच हवं. ही अभिक्रिया म्हणजे प्रकाशसंश्लेषणातला कार्बन डायऑक्साइडची साखर करणारा टप्पा. आपल्या मुंबईत जुलैच्या भरदुपारी अंधारून आलं तरी ती मंदावते.

पानाच्या हरितलवकात थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांच्या पटलात उजेडावर एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा पुरवणारे रेणू बनतात आणि बाहेरच्या स्ट्रोमात, म्हणजे हरितलवकातल्या द्रवात, सुटतात. तिथे कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधून त्याची साखर करायला 3 एटीपी आणि 2 एनएडीपीएच लागतात, आणि त्यांची शिल्लक फारच थोडी असते. शिवाय उजेडात प्रोटॉन थायलाकॉइडच्या आत ओढले जातात, म्हणून स्ट्रोमाचा पीएच 8 पर्यंत चढतो आणि कार्बन डायऑक्साइड बांधणारं रुबिस्को हे विकर जोरात चालतं.

या टप्प्याचा उलगडा करणारे शास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांच्या प्रयोगशाळेत शैवालावरचा दिवा बंद केल्यावर कार्बन बांधल्यावर पहिल्यांदा बनणारं पीजीए साचलं आणि कार्बन डायऑक्साइड ज्याला जोडला जातो ते आरयूबीपी घटलं. कार्बन थोडा वेळ बांधला गेला, पण पुढची साखर करायला एटीपी उरलं नव्हतं.