मदत हवी आहे: तक्त्यात तिघं तयार, तरी मिस्त्रीशिवाय मिल चालेना

डाळवाला_जळगाव
जळगाव एमआयडीसीत तुरीची डाळ मिल सांभाळतो. गेल्या महिन्यात मिस्त्री लग्नासाठी चोपड्याला गेले, आठ दिवस. मी आधीच एक्सेलमध्ये स्किल मॅट्रिक्स करून ठेवला होता: आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात कामं, ० ते ४ गुण. 'रोलर सेटिंग'ला तिघांना ३, म्हणजे एकट्याला जमतं. त्यातल्या एकाला लावलं, तर खांडा इतका पडला की अर्ध्या तासात मीच मशीन बंद केलं. माल पडून राहिला. चुकलं कुठं?

केळीवाला_रावेर
भो, सोपं शे. मिस्त्रीचा व्हिडिओ काढा, एसओपी भिंतीला चिकटवा.

शिफ्ट_धुळे
जाळी साफ करायला व्हिडिओ चालेल, यात नाही. गुण दिले कोणी?

डाळवाला_जळगाव
ज्याचे त्यानं.

शिफ्ट_धुळे
मग तिघं ३ च लिहिणार. दुसरं, रोलर सेटिंग हे एक काम नाहीच. फट ठेवणं वेगळं, दाणा वाळलाय का हे ओळखणं वेगळं. पाणी मारलेला दाणा ओला असला की साल सुटत नाही. नवशिक्या रोलर आवळतो आणि डाळ फुटते. त्या आठवड्यात आभाळ होतं का?

डाळवाला_जळगाव
होतं, दोन दिवस. मिस्त्री तर दाणा दाताखाली धरून सांगतात.

शिफ्ट_धुळे
मग 'दाणा ओळखणं' असा वेगळा रकाना करा. माणसानं आधी दाणा चावून बोलायचं, 'चालेल' की 'अजून वाळव'. मिस्त्रीनं त्यानंतर चावायचं, आणि दोघांचं उत्तर वहीत. लागोपाठ तीन वेगवेगळ्या लॉटला जुळलं, तरच ३. रकान्यात ३ वाले दोनपेक्षा कमी असले तर तो लाल. आणि दोन महिने हात लागला नाही तर एक गुण खाली.

हिशेबी_भुसावळ
आमच्याकडे ई-वे बिल एकच मुलगी काढते. ती रजेवर, तर ट्रक उभा. ओटीपी तिच्याच मोबाइलवर. तिलाही असंच शिकवायचं का?

शिफ्ट_धुळे
ताई, ते शिकवण्याचं दुखणं नाही. पोर्टलवर दुसऱ्याच्या नावानं सब-युजर काढा.

डाळवाला_जळगाव
मिस्त्रींना विचारलं. म्हणाले, "सगळं सांगितलं की मला कोण विचारणार?"

केळीवाला_रावेर
पैसे द्या.

शिफ्ट_धुळे
नुसते नकोत. एक माणूस तयार झाला की त्याच्यामागं ठरलेली रक्कम, आणि तक्त्यात ४ फक्त मिस्त्रींना. आमच्याकडे एक जण मानला, दुसरा पैसे घेऊनही निम्मंच सांगायचा. त्यावर मला उपाय सापडलेला नाही.

डाळवाला_जळगाव
मोठ्या मुश्किलीनं एका पोराला शेजारी उभं करायला तयार झालेत. आज पहिला लॉट: पोरगा म्हणाला 'चालेल', मिस्त्रींनी दाणा थुंकून 'अजून एक ऊन' सांगितलं. वहीत दोन्ही लिहिलंय.