'वाहक' की 'मायनर'? थॅलेसेमियाच्या पत्रासाठी शब्द हवेत

कळवेकरीण
ठाण्यात जेनेटिक काउन्सेलिंगचं काम करते. समोर बसून सांगितलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं निसटतं, म्हणून भेटीनंतर जोडप्याला पत्र पाठवतो. इंग्रजी साचा आहे, मराठीत गाडी अडते. आत्ताचं जोडपं असं: ती दहा आठवड्यांची गरोदर. एचबी ए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार तिच्यात ५.४ टक्के, त्याच्यात ४.९, म्हणजे दोघांत नेहमीपेक्षा जास्त, आणि दोघांच्या तांबड्या पेशी आकाराने लहान. म्हणजे दोघंही बीटा थॅलेसेमियाचे कॅरिअर. तब्येती ठणठणीत. मसुदा:

"आपण दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहात. आपल्या अपत्यास थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के आहे. पुढील तपासणी करून घ्यावी."

मागे याच साच्यातलं पत्र वाचून एका नवऱ्याने फोनवर विचारलं, "मॅडम, वाहक म्हणजे माझ्यामुळे हिला लागलं का?" दुसरा शब्द सुचवा.

तिखटमीठ
'वाहक' शब्दात काहीही वावगं नाही. पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. एसटीतला वाहक तिकीट देतो, रोग देत नाही! बदलायचंच तर ते '२५ टक्के' बदला. 'चार मुलांपैकी एकाला' म्हणा, आजीबाईंनाही कळेल.

घणसोलीकर
मी स्वतः मायनर, म्हणजे वाहकच, आहे, म्हणून सांगतो, 'मायनर'च लिहा, लोकांच्या तोंडी तेच आहे. मला मात्र शाळेपासून रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. थॅलेसेमिया ओळखणारं रक्ताचं एचपीएलसी कुणी करायलाच सांगितलं नाही. लग्नाआधी केलं तेव्हा कळलं. बायकोचं नॉर्मल निघालं, त्यामुळे आम्ही निवांत. गोळ्या फुकट गेल्या का हो?

जुना_लॅबवाला
घणसोलीकर, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासलं होतं का? ते कमी असेल तर मायनरवाल्यालाही लोह लागतंच. कमी नसेल तर गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही, उगाच लोह साचतं. फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं गोळ्या घेणं चूक.

आता 'मायनर'. तोंडी आहे हे खरं, पण माझ्या काउंटरवर येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, "याचं मेजर कधी होतं?" कधीच होत नाही. मायनर माणूस जन्मभर मायनरच राहतो. पण शब्दच असा आहे की आज लहान तो उद्या मोठा होणार असं वाटतं. 'वाहक'चीही तीच गत. डास मलेरियाचा वाहक असं आपण शाळेत घोकलेलं, म्हणून मनात आधी 'लागण' येते. माझं मत, शब्द कुठलाही ठेवा, पण त्याच्या लगेच पुढचं वाक्य असं हवं: "हा आजार नाही. तो एकमेकांपासून लागत नाही. जन्मापासून तुमच्यात आहे, आई किंवा वडिलांकडून आलेला."

तिखटमीठ, तुमचं 'चार मुलांपैकी एक' मात्र पत्रात अजिबात नको. पहिलं मूल मेजर असलेली जोडपी त्यावरून हिशेब मांडतात, "एक झालं, आता पुढची तीन चांगली." तसं नसतं. डब्यात चार चिठ्ठ्या आहेत: एक मेजर, दोन आईबाबांसारख्या, एक अगदी मोकळी. दर गरोदरपणात एक चिठ्ठी काढायची आणि परत डब्यात टाकायची. पुढच्या खेपेला पुन्हा चारच.

तिखटमीठ
परत टाकायची, हे बरोबर. मग "प्रत्येक गरोदरपणात चारात एक" असं लिहा. 'प्रत्येक' ठळक अक्षरात.

तुर्भ्याची_मावशी
एवढं कशाला घाबरवता पोरांना? माझ्या भावजयीचं रक्त निगेटिव्ह आणि भावाचं पॉझिटिव्ह होतं. सातव्या महिन्यात एक इंजेक्शन दिलं, बाळ अगदी छान झालं.

कळवेकरीण
मावशी, ती रक्तगटाची गोष्ट, ही निराळी. याला इंजेक्शन नाही. पण बरं झालं बोललात, घरोघरी हाच घोळ होत असणार. "याचा रक्तगटाशी संबंध नाही" हेही पत्रात घालते.

आणखी एक अडचण आली. डीएनए रिपोर्ट आलाय. तिच्यात `IVS 1-5 G>C`, त्याच्यात `619 bp deletion`. त्याचे आजोबा फाळणीनंतर सिंधहून उल्हासनगरला आलेले, ती सातारची. रिपोर्ट बघून तो खुलला, "आमचं दोघांचं वेगवेगळं निघालं, म्हणजे बाळ सुटलं ना?" मी मसुद्यात 'दोघांत वेगवेगळे जनुकीय बदल आढळले' लिहिलं होतं. वाक्य बरोबर, अर्थ भलताच पोचला असता.

जुना_लॅबवाला
हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे पहिला बदल सगळ्यात जास्त सापडतो, दुसरा सिंधी कुटुंबांत बराच. एकात एक अक्षर बदललंय, दुसऱ्यात ६१९ अक्षरांचा तुकडाच गळलाय. पण जनुक एकच, बीटा ग्लोबिनचं. बाळाला आईकडूनही बिघडलेली प्रत आली आणि वडिलांकडूनही, तर बिघाड कुठल्या ओळीत आहे याने फरक पडत नाही, कामाची प्रत एकही उरली नाही. म्हणून 'वेगवेगळे' आधी लिहू नका. "दोघांतही एकाच जनुकात बिघाड आहे. त्याची जागा वेगळी आहे, पण त्यामुळे बाळाचा धोका कमी होत नाही." मग रिपोर्टमधली नावं जशीच्या तशी द्या, पुढच्या लॅबला तीच लागतात. बाळाच्या नमुन्यात नेमकं काय शोधायचं, ते आईबाबांच्या रिपोर्टवरूनच ठरतं.

तिखटमीठ
'बिघाड' पंख्यात होतो. माणसाला 'बदल' बरा.

घणसोलीकर
मला कुणी 'बदल' म्हटलं असतं तर मी विचारलं असतं, चांगला की वाईट?

कळवेकरीण
समोर बसल्यावर मीही 'बिघाड'च म्हणते, पण लिहिताना हात अडखळतो. बघते.

जुना_लॅबवाला
शेवटच्या ओळीला माझा खरा आक्षेप. "पुढील तपासणी करून घ्यावी." कसली? कधीपर्यंत? ती आज दहा आठवड्यांची आहे. वारेचा कण काढून तपासतात ते साधारण ११ ते १३ आठवड्यांत. ती वेळ हुकली तर गर्भजल, पण ते १६ आठवड्यांनंतर. म्हणजे रिपोर्ट आणि निर्णय दोन्ही महिनाभर पुढे. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतही अशी तपासणी होते. आठवडे लिहिलेत तर त्याच आठवड्यात वेळ घेतील. नमुना घेताना गर्भपाताचा थोडा धोका असतो, तेही लिहा. आणि मुलगा की मुलगी ते कायद्याने सांगत नाहीत, हेही. नाहीतर रिपोर्ट नेताना कुणीतरी विचारतंच.

कळवेकरीण
आठवडे घालते. पण 'करून घ्यावी' काढून 'करता येते' लिहू का? काही जोडपी तपासणी नको म्हणतात, तो त्यांचा हक्क आहे. आमच्या कामात सल्ला देतात, हुकूम नाही.

तिखटमीठ
'करता येते' म्हणजे जमलं तर करा, नाहीतर राहू द्या. हातात दोन आठवडे असताना इतकं सैल?

घणसोलीकर
मेजर म्हणजे काय, ते मसुद्यात आहेच कुठे? आमच्या नात्यात एक मुलगा आहे. जन्मला तेव्हा गुटगुटीत, सहाएक महिन्यांत फिका पडायला लागला. आता दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात, साचलेलं लोह काढायला रोजची गोळी. ते वाचलं की 'येते' लिहिलं तरी माणूस ठरवेल.

जुना_लॅबवाला
बोनमॅरो ट्रान्सप्लांटचंही एक वाक्य घाला, पण जुळणारा दाता लागतो हे सोडू नका. नाहीतर तेवढंच लक्षात ठेवतात.

कळवेकरीण
दोन्ही घेते. 'करता येते'चं मात्र माझं अजून ठरत नाही. शिवाय त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरतंय. तिनेही एचपीएलसी करावं, हे याच पत्रात लिहू की फोनवर सांगू? हे पत्र घरात चार जण वाचणार.

तुर्भ्याची_मावशी
फोनवर सांग गं बाई. आणि त्याला सांग, बहिणीशी त्यानेच बोलावं, सासरकडे पत्र नको फिरायला.